नवी ईआरपी सुरू करण्यापूर्वीची तपासणी : या चुका टाळा

जुन्या हिशेबातली येणेबाकी नव्या ईआरपीत, म्हणजे हिशेब, साठा व खरेदी एकत्र सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, नेल्यावर दोन्हीकडची बेरीज जुळली, की तपासणी पूर्ण झाली असे मानले जाते. माझ्या मते ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेलचा एखादा कारखाना 1 एप्रिलपासून नव्या प्रणालीवर जात आहे, असे समजा. एका घाऊक व्यापाऱ्याकडून डिसेंबरच्या बिलाचे 5,00,000 आणि मार्चच्या बिलाचे 3,00,000 रुपये येणे आहेत. त्याने भरलेले 2,00,000 रुपये अजून कोणत्याही बिलापोटी वळते केलेले नाहीत, म्हणून निव्वळ बाकी 6,00,000 रुपये आहे. ही एकच रक्कम 1 एप्रिलच्या तारखेने चढवली तरी बेरीज तंतोतंत जुळते. मात्र डिसेंबरचे थकलेले बिल नव्या प्रणालीत ताजे दिसते, थकबाकीच्या दिवसांवर ठरवलेली उधारीची अट लागू होत नाही आणि त्या व्यापाऱ्याला माल जात राहतो.

त्यामुळे प्रत्येक बाकी बिल मूळ क्रमांक व तारखेसह न्यावे, नावे आणि जमा यांची बेरीज वेगवेगळी जुळवावी (येथे 8,00,000 आणि 2,00,000) आणि किती दिवसांची थकबाकी किती, हा अहवाल दोन्ही प्रणालींतून काढून शेजारी ठेवावा. नमुन्याची बिले जुन्यातून नव्यात शोधली की सुटलेली नोंद सापडते, तर नव्यातून जुन्यात शोधली की दुबार चढलेली सापडते. साठ्याच्या बाबतीत रकमेबरोबर नगही मोजावेत, कारण जुन्या वहीत डझनात लिहिलेले टॉवेल नव्या प्रणालीत नग म्हणून चढले तर किंमत जुळूनही साठा बारापट कमी दिसतो.

प्रणालीतील अधिकारांची तपासणी भूमिकेच्या, म्हणजे कामानुसार दिलेल्या अधिकारसंचाच्या, नावावरून करू नये. ‘खरेदी’ आणि ‘पैसे देणे’ या दोन्ही भूमिका स्वतंत्रपणे निर्दोष असतात, पण एकाच माणसाला दोन्ही मिळाल्या तर पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलणे आणि त्याच खात्यात पैसे सोडणे, ही दोन्ही कामे त्याच्या हाती येतात. यासाठी व्यक्तिनिहाय यादी काढावी, आणि चाचणीच्या काळात दिलेले संपूर्ण अधिकार काढून घेतल्याची खात्री त्याच यादीवरून करावी. कर्मचारी मोजके असल्याने कामे विभागता येत नसतील, तर खाते क्रमांकातील बदलांचा अहवाल मालकांनी प्रत्येक वेळी पैसे सोडण्याआधी पाहावा.

बदलाच्या रात्री जुन्या प्रणालीत नोंदी करण्याचे अधिकार बंद करून ती केवळ पाहण्यापुरती ठेवावी. ‘एखादेच बिल राहिले आहे’ म्हणून ती पुन्हा उघडली, की आधी जुळवलेले सर्व आकडे निरुपयोगी ठरतात. जुन्या प्रणालीकडे माघार कोणत्या क्षणापर्यंत घेता येईल, हेही आधीच लेखी ठरवावे, आणि तो क्षण नव्या प्रणालीतून पहिले बिल निघण्यापूर्वीचा असावा. कारण जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदवलेले बिल तेथे 24 तासांच्या आतच रद्द करता येते आणि रद्द केलेला बिल क्रमांक तेथे पुन्हा वापरता येत नाही.