दुहेरी व्यस्त आलेखावरून इनहिबिटरचा प्रकार ठरवताना: या चुका टाळा

एन्झाइम कायनेटिक्सच्या प्रश्नसंचात एक प्रश्न हमखास असतो. सब्सट्रेटच्या काही संहती, प्रत्येक संहतीला मोजलेला वेग आणि तेच वेग इनहिबिटर घातल्यावर पुन्हा मोजलेले, एवढी माहिती दिलेली असते. त्यावरून Km, Vmax, इनहिबिटरचा प्रकार आणि Ki काढायचा असतो. ज्यांना सूत्रे तोंडपाठ आहेत असे विद्यार्थीही येथे प्रकार चुकीचा सांगतात. तो का चुकतो हे नीट कळावे म्हणून या लेखात शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतले आहे. सब्सट्रेटची संहती मिलिमोलरमध्ये आहे, वेग मायक्रोमोलर प्रति मिनिटमध्ये आहे आणि इनहिबिटर ६ मिलिमोलर घातलेला आहे.

| सब्सट्रेट | इनहिबिटरशिवाय वेग | इनहिबिटरसह वेग |
|---|---|---|
| १ | १२ | ४.६ |
| २ | २० | ८.६ |
| ४ | ३० | १५ |
| ८ | ४० | २४ |
| १६ | ४८ | ३४.३ |

सर्वांत मोठ्या मोजलेल्या वेगाला Vmax समजणे

वेग आणि संहती यांचा वक्र कागदावर काढला की उजवीकडे तो आडवा होत चालल्यासारखा दिसतो, आणि विद्यार्थी शेवटच्या बिंदूलाच कमाल वेग मानून पुढे जातो. या तक्त्यावर तसे केले तर इनहिबिटरशिवाय Vmax ४८ येतो आणि त्याच्या निम्म्या वेगाला, म्हणजे २४ ला, वक्रावर सुमारे २.७ मिलिमोलर ही संहती सापडते. इनहिबिटरसह Vmax ३४.३ येतो आणि निम्मा वेग ४.८ मिलिमोलरच्या आसपास मिळतो. Vmax घटला आणि Km वाढला, तेव्हा हा मिक्स्ड इनहिबिटर आहे, असे उत्तर लिहिले जाते. हिशेबात कोठेही चूक नाही, तरीही उत्तर पूर्णपणे चुकीचे आहे.

कारण मूळ समीकरणातच आहे.

```
v = Vmax [S] / (Km + [S])
```

संहती Km च्या चौपट असली तरी वेग Vmax च्या फक्त ८० टक्के असतो. ९० टक्क्यांसाठी ती नऊपट आणि ९५ टक्क्यांसाठी एकोणीसपट लागते. या उदाहरणात खरा Vmax ६० आणि Km ४ मिलिमोलर आहे, म्हणून १६ मिलिमोलरला ४८ हाच वेग मिळायला हवा. इनहिबिटर असताना Km १२ मिलिमोलर असल्यासारखा वागतो, त्यामुळे त्याच १६ मिलिमोलरला वेग ६० च्या जेमतेम ५७ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. Vmax मुळात बदललेलाच नाही. तक्ता त्याच्या जवळ जाण्याआधी संपला आहे.

आलेखाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक ओळीत इनहिबिटरशिवायच्या वेगाला इनहिबिटरसहच्या वेगाने भागून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. येथे भागाकार वरून खाली अंदाजे २.६, २.३, २.०, १.७ आणि १.४ असे येतात. सब्सट्रेट वाढवला की इनहिबिटरचा परिणाम ओसरतो आहे, हे एवढ्यावरूनच कळते. नॉन-कॉम्पिटिटिव्ह प्रकारात हा भागाकार सगळीकडे सारखाच राहिला असता आणि अनकॉम्पिटिटिव्ह प्रकारात तो संहतीबरोबर वाढत गेला असता. मात्र घटणारा भागाकार अखेरीस १ पर्यंत जातो की त्याच्या वरच कोठेतरी थांबतो, हे पाच ओळींवरून सांगता येत नाही. कॉम्पिटिटिव्ह आणि काही मिक्स्ड इनहिबिटर यांच्यातील फरक नेमका तेवढाच आहे, आणि त्यासाठीच दुहेरी व्यस्त आलेख काढायचा असतो.

आलेखाची डावी बाजू उलटी वाचणे

लाइनविव्हर आणि बर्क यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या या आलेखात आडव्या अक्षावर 1/[S] आणि उभ्या अक्षावर 1/v घेतात.

```
1/v = (Km/Vmax)(1/[S]) + 1/Vmax
```

रेषा उभ्या अक्षाला 1/Vmax ला छेदते आणि मागे वाढवली की आडव्या अक्षाला -1/Km ला छेदते. आपल्या उदाहरणात दोन्ही रेषा उभ्या अक्षाला ०.०१६७ ला मिळतात. आडव्या अक्षावर पहिली रेषा -०.२५ ला आणि इनहिबिटरची रेषा -०.०८३ ला पोहोचते. येथे पुष्कळ जण “छेदबिंदू शून्याकडे सरकला, म्हणजे Km कमी झाला” असे लिहितात. व्यस्त संख्या शून्याकडे सरकली म्हणजे मूळ संख्या मोठी झाली. Km ४ वरून १२ झाला आहे. उत्तर लिहिण्याआधी छेदाची व्यस्त संख्या काढून ती एककासह शेजारी लिहिली, तर ही चूक सहसा होत नाही.

आणखी एक लहान, पण महाग पडणारी सवय म्हणजे 1/v दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहिणे. वेग ४८ आणि ६० असला तरी दोन्हींची व्यस्त संख्या मग ०.०२ होते आणि Vmax ठरवणारा भाग पुसला जातो. येथे किमान तीन सार्थ अंक ठेवावेत.

सर्व बिंदूंवर सारखाच विश्वास ठेवणे

माझ्या मते या विषयातील सर्वांत कमी समजावली जाणारी चूक ही आहे. दुहेरी व्यस्त आलेखावर सर्वांत उजवीकडचा, सर्वांत उंच बिंदू डोळ्यांत भरतो आणि पट्टी आपोआप त्याच्याकडे वळते. हा बिंदू सर्वांत कमी संहतीचा, म्हणजेच सर्वांत लहान आणि मोजायला सर्वांत अवघड वेगाचा असतो.

इनहिबिटर असताना १ मिलिमोलरला ४.६ ऐवजी ५.६ वेग मोजला गेला आणि बाकीचे चारही बिंदू अगदी अचूक आहेत, असे समजा. पाचही बिंदूंना सारखे वजन देऊन लघुतम वर्ग पद्धतीने रेषा बसवली, तर Vmax सुमारे ४० आणि Km सुमारे ६.५ येतो. मग विद्यार्थी पुन्हा मिक्स्ड इनहिबिटर हेच उत्तर लिहितो, आणि या वेळी त्याच्याकडे सरळ रेषेचा पुरावाही असतो. तीच चूक उलट दिशेने होऊन वेग ३.६ मोजला गेला, तर Vmax २५० च्या घरात जातो आणि Km ६० च्या पुढे. एका बिंदूतील एका एककाच्या फरकाने Vmax ४० पासून २५० पर्यंत हलतो. तोच एक एककाचा फरक १६ मिलिमोलरच्या बिंदूत पडला, तर 1/v मध्ये ०.००१ पेक्षाही कमी बदल होतो आणि रेषा जवळजवळ जागची हलत नाही.

याचे कारण व्यस्त संख्या घेण्यातच आहे. वेगातील लहान चूक 1/v मध्ये जाताना वेगाच्या वर्गाने भागली जाते, त्यामुळे ४.६ वेगाच्या बिंदूतील चूक ३४.३ वेगाच्या बिंदूतील चुकीच्या पन्नासपटीहून अधिक मोठी होऊन आलेखावर उतरते. यावर सरळ उपाय म्हणजे आकडे मूळ वक्राच्या समीकरणावरच संगणकाने बसवावेत आणि दुहेरी व्यस्त आलेख फक्त प्रकार डोळ्यांनी पाहण्यासाठी ठेवावा. परीक्षेत संगणक नसेल, तर [S]/v आणि [S] यांचा आलेख काढून पाहावा. त्यात रेषेचा चढ 1/Vmax असतो. वर दिलेल्या त्याच दोन चुकांसह या आलेखातून Vmax अनुक्रमे सुमारे ५५ आणि ६९ येतो. तोही ६० नाही, पण ४० आणि २५० यांच्यापुढे हा फरक सहन करण्याजोगा आहे.

प्रश्नात दुहेरी व्यस्त आलेखच मागितला असेल, तर डावीकडच्या तीन-चार बिंदूंवर रेषा आधी बसवावी आणि मग उंच बिंदू तिच्यापासून किती दूर पडतो ते पाहावे. तो दूर पडत असेल, तर त्याच्याकडे रेषा ओढण्याऐवजी त्याच्याविषयी उत्तरात एक वाक्य लिहावे.

तो बिंदू मुळात का बिघडतो

प्रश्नसंचात कधी थेट वेग न देता वेळेनुसार तयार झालेल्या उत्पादिताचे आकडे दिलेले असतात, आणि विद्यार्थी एकूण उत्पादिताला एकूण वेळेने भागून मोकळा होतो. समीकरणातील वेग हा प्रारंभिक वेग आहे, म्हणजे उत्पादित आणि वेळ यांच्या वक्राच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ. इनहिबिटरशिवाय १ मिलिमोलर सब्सट्रेटवर ४० मिनिटांची सरासरी घेतली, तर तोपर्यंत सुमारे ३९ टक्के सब्सट्रेट संपलेला असतो आणि १२ ऐवजी ९.९ एवढाच वेग मिळतो. १६ मिलिमोलरला मात्र तीच सरासरी ४७.४ येते, म्हणजे जवळजवळ बरोबरच. म्हणून सब्सट्रेटचा ५ ते १० टक्क्यांहून अधिक भाग खर्च होण्याआधीचेच आकडे घ्यावेत. १ मिलिमोलरसाठी पहिली पाच मिनिटे पुरेशी आहेत, कारण तेवढ्यात सुमारे ६ टक्केच सब्सट्रेट संपतो.

एन्झाइम न घालता घेतलेले ब्लँकचे वाचन वजा करायचे राहिले, तरी फटका याच बिंदूला बसतो. ब्लँकमधील १ एककाची स्थिर वाढ ४.६ च्या वेगात २२ टक्के चूक आणते, ३४.३ च्या वेगात ३ टक्के.

Ki च्या हिशेबात १ विसरणे

प्रकार कॉम्पिटिटिव्ह ठरला की Ki काढताना पुढील सूत्र लागते.

```
Km(app) = Km (1 + [I]/Ki)
```

Km तिप्पट झाला, म्हणून ६ ला ३ ने भागून Ki २ मिलिमोलर असे पुष्कळ उत्तरांत दिसते. कंसातील १ आधी वजा करायला हवा: [I]/Ki ची किंमत २ आहे, म्हणून Ki ३ मिलिमोलर. पडताळा सोपा आहे. इनहिबिटरची संहती Ki एवढी असताना Km दुप्पट व्हायला हवा, आणि ३ मिलिमोलर घातल्यास तो ४ वरून ८ होतो.

वेग निम्मा करणारी इनहिबिटरची संहती, म्हणजे IC50, हीच Ki समजणे ही याच्याच शेजारची चूक आहे. तक्त्यात ४ मिलिमोलर सब्सट्रेटला ६ मिलिमोलर इनहिबिटरने वेग ३० वरून बरोबर १५ केला आहे, म्हणून तेथे IC50 ६ मिलिमोलर आहे. १६ मिलिमोलर सब्सट्रेटला वेग निम्मा करायला १५ मिलिमोलर इनहिबिटर लागेल, कारण कॉम्पिटिटिव्ह प्रकारात IC50 ही Ki (1 + [S]/Km) एवढी असते. Ki दोन्ही ठिकाणी ३ च राहतो, म्हणून IC50 लिहिताना सब्सट्रेटची संहतीही सोबत लिहावी लागते.