टोटल जुळली होती, शीट चुकली होती

बी.कॉम. झाल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मला कॉस्टिंगला घेतलं. कॉलेजात कॉस्ट शीटचं गणित पंधरा मार्कांना यायचं आणि त्यात कच्चा माल, मजुरी, कारखान्याचा खर्च सगळं ताटात वाढून दिलेलं असायचं. इथे ताटच रिकामं. आकडे स्टोअरमध्ये, काट्याच्या पावतीवर, मशीनशेजारच्या लॉगबुकात नाहीतर सुपरवायझरच्या डोक्यात.

दुसऱ्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाला १,००० बुशांचं कोटेशन द्यायचं होतं. ईएन ८ चा ६० मिलिमीटर राउंड बार, सीएनसीवर टर्निंग, मग बाहेरून हीट ट्रीटमेंट. मालकांनी सांगितलं होतं, मार्जिन २० टक्के. मी शीट बनवली. एकूण खर्च आला १,०३,२०८ रुपये, म्हणजे नगाला १०३ च्या आसपास. अशाच एका जुन्या बुशची फाइल काढून पाहिली, तिथेही १०४ होते. टोटल जुळली म्हणून मी खुशीत शीट माझ्या साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी टोटलकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "बारचं बिल आण, जॉबवर्कचं चलन आण आणि सीएनसीचं लॉगबुक आण." अर्ध्या तासात त्यांनी चार ठिकाणी गोल मारले. चार चुका आणि तरी टोटल जवळपास बरोबर! तेव्हापासून शीट तपासताना मी सगळ्यात शेवटी टोटलकडे जाते. तीच शीट ओळीने सांगते.

सुरुवात मालाच्या वजनापासून. स्टीलच्या राउंड बारचं वजन काढायला शॉपमध्ये सगळे एकच हिशोब वापरतात: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते आलं. ६० गुणिले ६० भागिले १६२, म्हणजे २२.२२ किलो. तयार बुशची लांबी ४० मिलिमीटर, पण ड्रॉइंगवरची लांबी धरली की फसलात. बँडसॉच्या पात्यात साधारण २ मिलिमीटर जातात आणि फेसिंगला १ ठेवावा लागतो, म्हणून कटिंगची लांबी ४३. नगाला ०.९५६ किलो, १,००० नगांना ९५६ किलो. हा आकडा माझा बरोबर होता, कारण कटिंगवाल्या काकांनी आदल्या दिवशी बँडसॉपाशी उभं करून मला स्केलने मोजून दाखवलं होतं.

चुकला तो दर. बिलाच्या तळाची रक्कम घेऊन मी किलोने भागली आणि ८२.६० लिहिले. त्यात १८ टक्के जीएसटी होता. मूळ दर ७० रुपये. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला परत मिळतं, म्हणून तो मालाचा खर्च नाहीच. (कंपनी कंपोझिशन योजनेत असेल तर क्रेडिट मिळत नाही आणि मग तो कर खर्चातच धरावा लागतो. तेव्हा आधी हे विचारून घ्या.) ९५६ किलोंचे ७० च्या दराने ६६,९२० झाले. त्यात माल आणण्याचं गाडीभाडं १,४८० मिळवायचं, कारण दारात येईपर्यंतचा खर्च मालाचाच. मग टर्निंगचा चुरा वजा करायचा. बारचे ९५६ किलो, तयार माल ५५० किलो, काट्यावर चुरा भरला ४०० किलो. उरलेले सहा झाडण्यात आणि कूलंटबरोबर गेले. भंगारवाल्याचा दर २८, म्हणजे ११,२०० वजा. राहिले ५७,२००.

चुऱ्याची ओळ घाईत सुटते, म्हणून वजनाचा मेळ घालून पाहायची सवय लावा: आत गेलेलं वजन, तयार वजन आणि काट्यावरचा चुरा. इथे सहा किलोंचा फरक ठीक आहे. साठ किलोंचा आला असता तर एकतर वजन चुकलंय किंवा माल कुठेतरी गेलाय.

ऑपरेटरची मजुरी ८० तासांची, पीएफ-ईएसआयसी धरून तासाला १०० रुपये, म्हणजे ८,०००. सुपरवायझरचा पगार इथे घ्यायचा नाही, तो ओव्हरहेडमध्ये. यात फारसं काही नाही.

दुसरा गोल हीट ट्रीटमेंटवर होता, खरंतर ती माझ्या शीटवर नव्हतीच. टॅलीत ही बिलं 'कारखाना खर्च' या लेजरला पडायची, म्हणून मी समजले की ओव्हरहेडमधून ती आपोआप येतात. साहेबांनी विचारलं, "हे बिल कुठल्या जॉबचं ते चलनावर लिहिलंय का?" लिहिलं होतं. मग ते थेट त्याच जॉबच्या प्राइम कॉस्टमध्ये जातं. अमुक जॉबचा म्हणून बोट ठेवता येतं तो खर्च सगळ्यांत वाटायचा नाही, नाहीतर हीट ट्रीटमेंट न लागणाऱ्या नगांवर त्याचा भार पडतो. ५५० किलोंचे ११ रुपयांप्रमाणे ६,०५० आणि टेंपोचे ७५०, मिळून ६,८००. ओव्हरहेडच्या ढिगातून हीच बिलं काढली आहेत की नाही, हेही लगेच बघायचं, नाहीतर तोच खर्च दोनदा येतो. आमच्याकडे ओव्हरहेडच्या बजेटमध्ये जॉबवर्क धरलेलं नव्हतं, तेवढं बरं.

तर प्राइम कॉस्ट: ५७,२००, ८,००० आणि ६,८००, बरोबर ७२,०००. माझ्या शीटवर होती ७७,२४६.

आता ओव्हरहेडचा दर. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो. सीएनसी विभागाचा महिन्याचा ओव्हरहेड, म्हणजे वीज, घसारा, कूलंट, देखभाल, सुपरवायझर, शेडचं भाडं वगैरे, ३,६०,००० रुपये धरलेला होता. तो किती तासांवर वाटायचा? मी साधा गुणाकार केला: ४ मशीन, २ पाळ्या, ८ तास, २५ दिवस, झाले १,६०० तास, दर २२५. लॉगबुकात मात्र मागच्या सहा महिन्यांची सरासरी १,२०० तासांची होती. जेवण, चहा, टूल येईपर्यंतची वाट, मेंटेनन्स, ऑपरेटरची दांडी. मशीन १,६०० तास चालतच नव्हतं. १,२०० ने भागलं की दर ३००.

दर बरोबर आहे का हे ताडायची एक युक्ती साहेबांनी सांगितली. दराला खऱ्या तासांनी गुणून बघ. २२५ गुणिले १,२००, म्हणजे २,७०,०००. सगळ्या जॉबमधून मिळून एवढेच वसूल होणार आणि खर्च मात्र ३,६०,०००. दर महिन्याला ९०,००० कुठल्याच जॉबवर चढत नाहीत. एकेका शीटवर हे दिसत नाही, वर्षाच्या शेवटी मालक विचारतात, "प्रत्येक जॉबमध्ये नफा आहे, मग पैसा गेला कुठे?"

उलट टोकालाही जायचं नाही. समजा एका महिन्यात ऑर्डरच नव्हत्या आणि मशीन ८०० तासच चाललं. म्हणून दर ४५० केला तर भाव वाढतात, उरलेल्या ऑर्डरीही जातात आणि पुढच्या महिन्यात तास आणखी कमी. म्हणून भागायचं ते नेहमीच्या क्षमतेने, एखाद्या वाईट महिन्याच्या तासांनी नाही. ऑर्डरी नसल्यामुळे मशीन बंद राहिलं त्याचा भार गिऱ्हाइकावर टाकायचा नसतो, तो नफ्या-तोट्याच्या खात्यात वेगळा दाखवायचा.

अजून एक बारीक गोष्ट. या जॉबचे ८० तास आले कसे? नगाला साडेचार मिनिटं, काढघाल धरून, म्हणजे ७५ तास आणि सेटिंगचे ५. आमच्या लॉगबुकातल्या १,२०० तासांत सेटिंगचा वेळ धरलेला होता, म्हणून जॉबवरही तो लावायचा. भागताना सेटिंग वगळलं असेल तर जॉबवर चढवताना त्याचे तास घ्यायचे नाहीत. खाली आणि वर एकच मोजमाप हवं, नाहीतर दर बरोबर असूनही रक्कम चुकते.

८० तास गुणिले ३००, ओव्हरहेड २४,०००. कारखान्यातला खर्च झाला ९६,०००. ऑफिसचा खर्च त्यावर ५ टक्के, ४,८००. पॅकिंग आणि डिस्पॅच नगाला ३.२० प्रमाणे ३,२००. एकूण १,०४,०००.

माझे १,०३,२०८ आणि हे १,०४,०००, फरक फक्त ७९२ चा. ऑफिसचे ५ टक्के चढण्याआधी बघितलं तर जीएसटीमुळे खर्च १२,०४६ ने फुगला होता. हीट ट्रीटमेंट सुटल्याने ६,८०० आणि दर कमी धरल्याने ६,००० दबले होते. तीन चुकांनी एकमेकींना झाकून घेतलं. जुन्या फाइलशी टोटल जुळवून मी निर्धास्त झाले होते ती यामुळे. बार महागला असता किंवा पुढच्या जॉबला हीट ट्रीटमेंट नसती, तर हे झाकण लगेच उडालं असतं.

चौथा गोल भावावर. मालक '२० टक्के' म्हणाले, मी खर्चावर २० टक्के चढवले. साहेबांनी मला केबिनबाहेर पाठवलं, "विचारून ये, कशावर?" मालकांचं उत्तर आलं, "विक्रीवर. नेहमी विक्रीवरच." एक्सेलमध्ये एकूण खर्च B14 मध्ये होता, फरक एवढाच:

```
=B14*(1+20%)
=B14/(1-20%)
```

पहिलं सूत्र खर्चावर, दुसरं विक्रीवर. १,०४,००० ला दुसऱ्या सूत्राने १,३०,००० येतात, म्हणजे नगाला १३०. पहिल्याने १२४.८०. विक्रीवर २० टक्के म्हणजे खर्चावर २५ टक्के, हे एकदा कागदावर करून बघा म्हणजे पक्कं होतं. पडताळा सोपा: आलेला नफा विक्रीने भागा. २६,००० भागिले १,३०,०००, बरोबर २० टक्के. हा भाव जीएसटीशिवायचा, मार्जिनही त्याच्यावरच काढायचं. गिऱ्हाइकाच्या बिलात कर वेगळा लागतो.

माझ्या मूळ शीटवर भाव होता १२३.८५. त्या भावाने ऑर्डर गेली असती तर शीटवर २० टक्के लिहिलेलं असूनही हातात विक्रीच्या १६ टक्केच पडले असते.

कोटेशन १३० चं गेलं. गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याने अपेक्षेप्रमाणे फोन केला, १२५ वर या म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. १२५ ला १६.८ टक्के राहतात, मी सांगितलं. ते फोनवर १२७ म्हणाले आणि तिथेच ठरलं. शीटवर मार्जिनच्या रकान्यातले २० खोडून मी १८.१ लिहिले, खाली तारीख टाकली आणि सही केली.