लॅपटॉप आपोआप लिहायला लागला तर

इंदूरच्या लोकमान्य नगरात आम्ही वर राहतो, काका खाली. गणेशोत्सवाचा हिशेब लिहीत असताना त्यांच्या फाइलीत मधूनच ‘कगल्तब सोगत’ असं उमटलं. काका जिन्यातून ओरडले, ‘‘अरे, हा लॅपटॉप झपाटलाय का हॅक झालाय?’’ वर मी त्याच वेळी कीबोर्डवर टाइप करत होतो आणि माझ्या स्क्रीनवर एकही अक्षर येत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे कळायला अर्धा तास गेला.

तुमच्याकडे असं झालं तर सगळ्यात आधी हातातली फाइल सेव्ह करून बंद करा आणि रिकामं नोटपॅड उघडा. येणारी अक्षरं कर्सर असेल तिथे पडतात. चॅट उघडी असेल तर तिकडे टाइप करणाऱ्याने मारलेल्या एंटरने ती थेट ग्रुपवर जातात.

आता नोटपॅडमध्ये काय येतंय ते बघा. एकच अक्षर सलग उमटत असेल तर बहुधा तुमच्याच कीबोर्डची कळ अडकली आहे. शब्द येतात, थांबतात, मागे खोडले जातात, पण माउसचा बाण जागचा हलत नाही, असं असेल तर कुठेतरी कोणीतरी निवांत टाइप करतंय.

मजकूर अगम्य असला तरी घाबरू नका. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली एवढंच पाठवतो. त्या कळीचं अक्षर कोणतं हे ज्याच्या स्क्रीनवर मजकूर येतो तो लॅपटॉप ठरवतो. काकांचा लॅपटॉप इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर होता. त्यात k म्हणजे क, i म्हणजे ग, n म्हणजे ल. मी लिहिलेल्या kindly चं ‘कगल्तब’ झालं आणि mail चं ‘सोगत’. काकांनी तर ‘सोगत’ हे कोणाचं आडनाव म्हणून वर्गणीच्या यादीत शोधलंही होतं! तेव्हा भाषा इंग्रजीवर टाका आणि पुढची ओळ येऊ द्या. नीट वाचता आली तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

मग लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा. (तुमचा स्वतःचा माउस ब्लूटूथचा असेल तर तोही थांबेल, टचपॅड वापरा.) टायपिंग थांबलं तर ब्लूटूथ कीबोर्ड सापडला. नाही थांबलं तर यूएसबीची भोकं तपासा, विशेषतः डेस्कटॉपच्या मागची. नखाएवढा रिसीव्हर तिथे विसरलेला असतो आणि त्याचा कीबोर्ड दुसऱ्या खोलीत कोणीतरी नेलेला असतो. तो काढूनही मजकूर येतच राहिला, पण इंटरनेट तोडल्यावर थांबला, तरच बाहेरून कोणी शिरल्याचा संशय घ्या.

आमच्याकडे ब्लूटूथच होतं. माझ्या कीबोर्डवर 1, 2, 3 अशा तीन कळा आहेत. प्रत्येकीवर एक यंत्र लक्षात राहतं. गेल्या वर्षी काकांचा हिशेब टाइप करून देताना मी 2 वर त्यांचा लॅपटॉप जोडला होता. त्या दिवशी चुकून 2 दाबलं गेलं आणि ब्लूटूथचा साधारण 10 मीटरचा पल्ला एका स्लॅबपलीकडे सहज पोचला. कधीच न जोडलेला शेजाऱ्याचा कीबोर्ड मात्र असा आपणहून जोडला जात नाही. जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या कीबोर्डांचं तसं नव्हतं. 2002 मध्ये नॉर्वेतल्या स्टॅव्हेंजरमध्ये एकाचं टायपिंग सुमारे 150 मीटरवरच्या दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर उमटलं होतं.

उपाय दोन्हीकडे करावा लागतो. मजकूर येणाऱ्या लॅपटॉपवर (विंडोज 11) Settings मध्ये Bluetooth & devices, मग Devices उघडा. कीबोर्डच्या नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून Remove device निवडा. ब्लूटूथ नुसतं बंद ठेवलं तर ते चालू करताच पाहुणा परत हजर. मग कीबोर्डवर आपल्या यंत्राची कळ दाबा. तरी जोडला गेला नाही तर ती कळ दिवा भरभर लुकलुकेपर्यंत, साधारण तीन सेकंद, दाबून धरा आणि नव्याने जोडा. स्क्रीनवर आकडे आले तर ते त्याच कीबोर्डवरून टाइप करून एंटर मारा.

एक गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. स्क्रीनवर काही येईना म्हणून मी मेलचा पासवर्ड दोनदा ठोकून पाहिला होता. तो काकांच्या फाइलीत देवनागरीत सेव्ह झालेला होता. दिसायला अगम्य, पण कळा उलट्या लावल्या की दोन मिनिटांत वाचता येणारा. ती ओळ खोडली, पासवर्ड बदलला. फाइल तोवर काकांनी मंडळाच्या खजिनदारांना पाठवलेली होती.