तीस सेकंदांत किती मराठी शब्द बसतात?

३० सेकंदांच्या व्हिडिओसाठी लिहिलेली माझी ८४ शब्दांची संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचली, तेव्हा ४२ सेकंद लागले. म्हणजे माझा वेग सेकंदाला दोन शब्दांचा होता. सुरुवातीला व शेवटी एकेक सेकंद मोकळा ठेवल्यास ५६ शब्द बसणार होते.

जे चित्रात दिसतच होते ते सांगणारी वाक्ये प्रथम काढली आणि ‘करण्यात येते’ऐवजी ‘करतात’ लिहिले. मोजणी ५६ वर आली, तरी वाचनाला ३१ सेकंद लागले. कारण ‘१,२५,०००’ हा दोनदा आलेला आकडा मोजताना एकच शब्द ठरतो, पण उच्चारताना ‘एक लाख पंचवीस हजार’ असे चार शब्द होतात. एका ठिकाणी ‘सव्वा लाख’ लिहून दुसरा उल्लेख गाळल्यावर वाचन २८ सेकंदांत संपले.