भू धातूची नऊ रूपं : पाठ करण्याआधी बनवायला शिका

मी आठवी ते दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवते. आठवीत संस्कृत नव्यानं सुरू होतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच वर्तमानकाळाचा, म्हणजे लट् लकाराचा तक्ता समोर येतो. बहुतेक मुलं तो चालीवर पाठ करतात: भवति भवतः भवन्ति. तोंडी परीक्षेत हे छान जमतं. पण मधलंच एखादं रूप विचारलं, ‘आम्ही दोघे आहोत’ असं काही, की मुलाला पहिल्यापासून अख्खी चाल म्हणावी लागते. म्हणून मी वर्गात आधी रूप बनवायला लावते आणि पाठांतर नंतर ठेवते.

भू म्हणजे होणे, असणे. पाणिनीय परंपरेतल्या धातुपाठात पहिला धातू हाच आहे: भू सत्तायाम्. तो पहिल्या गणाचा, परस्मैपदी. या दोन गोष्टी धातूबरोबरच लक्षात ठेवायच्या, कारण गणावरून मधला भाग ठरतो आणि पदावरून शेवटचा.

आता ‘भवति’ कसं झालं ते बघा. भू ला थेट ति लावला असता तर ‘भूति’ झालं असतं. पण पहिल्या गणात धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये एक ‘अ’ येतो. त्याला विकरण म्हणतात. हा अ येताना धातूच्या शेवटच्या स्वराचा गुण होतो, म्हणजे ऊ चा ओ. भू चं झालं भो. मग भो + अ. ओ च्या पुढे अ आला की ओ चा अव् होतो: भ् + अव् + अ = भव. हे ‘भव’ तयार झालं की अवघड काम संपलं. नऊही रूपं याच्यावरच उभी राहतात.

इथे एखादी हुशार मुलगी हमखास विचारते, ‘रामः अत्र चं रामोऽत्र होतं, तिथे अ गिळला जातो, मग भो + अ मध्ये का नाही?’ प्रश्न अगदी योग्य आहे. अवग्रहाचा तो नियम पूर्ण झालेल्या पदाच्या शेवटी असलेल्या ओ ला लागतो. ‘रामो’ हे पद आहे. ‘भो’ हे अजून पद झालेलं नाही, पद बनवण्याच्या वाटेवरचा तुकडा आहे. म्हणून इथे अव् होतो.

आता प्रत्यय लावू.

| | एकवचन | द्विवचन | बहुवचन |
|---|---|---|---|
| प्रथमपुरुष (तो, ती, ते) | भव + ति = भवति | भव + तः = भवतः | भव + अन्ति = भवन्ति |
| मध्यमपुरुष (तू, तुम्ही) | भव + सि = भवसि | भव + थः = भवथः | भव + थ = भवथ |
| उत्तमपुरुष (मी, आम्ही) | भव + मि = भवामि | भव + वः = भवावः | भव + मः = भवामः |

पुरुषांची नावं नीट बघून घ्या. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे ‘मी’. संस्कृतच्या परंपरेत प्रथमपुरुष म्हणजे ‘तो’, आणि ‘मी’ हा उत्तमपुरुष. काही पुस्तकांत तक्ता ‘मी’पासून सुरू केलेला असतो. त्यामुळे वर्गमैत्रिणीची वही आणि तुमचं गाइड यांत ओळींचा क्रम उलटा दिसला तरी घाबरू नका. रूपं तीच आहेत.

नऊपैकी पाच ठिकाणी प्रत्यय नुसता जोडायचा. उरलेल्या चार ठिकाणी ‘भव’च्या शेवटच्या अ चं काहीतरी होतं, आणि मुलांच्या चुका सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. अन्ति हा स्वतःच अ ने सुरू होतो. भव + अन्ति मध्ये दोन अ एकत्र आले तरी दीर्घ होत नाही, एकच अ राहतो: भवन्ति. ‘भवान्ति’ लिहिलेलं दिसलं, तर सवर्णदीर्घ संधी आपल्या मनानं लावला गेलाय हे ओळखावं. याउलट मि, वः, मः यांच्या आधी अ चा आ होतो: भवामि, भवावः, भवामः. ‘भवमि’ लिहिणाऱ्याचा हा एक टप्पा राहिलेला असतो. उत्तमपुरुषाची अख्खी ओळ दीर्घ, बाकी कुठेच नाही, एवढं डोक्यात ठेवलं की पुरतं.

दुसरी अडचण द्विवचनाची. मराठीत द्विवचन नाही, त्यामुळे कान तयार नसतो. भवथः आणि भवथ यांत फरक फक्त विसर्गाचा: युवां भवथः, यूयं भवथ. चार प्रत्ययांना विसर्ग आहे, तः, थः, वः, मः. त्यांतले पहिले तीन द्विवचनाचे, आणि मः तेवढा बहुवचनाचा. भवावः की भवामः असा गोंधळ झाला तर सर्वनाम शेजारी लिहा. ‘आवाम्’मध्ये जो ‘आव’ ऐकू येतो तोच ‘भवावः’मध्ये आहे.

रूप ओळखता येतंय का, हे तक्त्याबाहेरच्या वाक्यात तपासावं. मी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातली ही ओळ देते: ‘अन्नाद्भवन्ति भूतानि पर्जन्यादन्नसम्भवः’. आधी संधी सोडवू: अन्नात् भवन्ति भूतानि. क्रियापद बहुवचनी आहे, म्हणजे कर्ताही बहुवचनी हवा. तो ‘भूतानि’. अन्नापासून प्राणी होतात. पुढच्या ओळीत ‘यज्ञाद्भवति पर्जन्यः’. इथे पर्जन्य एकच, म्हणून भवति. एकाच श्लोकात दोन्ही रूपं सापडतात, आणि वचन कर्त्याच्या मागे कसं जातं ते दिसतं.

पण दिसायला भवति असलेला प्रत्येक शब्द क्रियापद नसतो. मुंजीत बटू म्हणतो, ‘भवति भिक्षां देहि’. तिथे क्रियापद ‘देहि’ आहे. ‘भवति’ हे ‘भवती’ या आदरार्थी शब्दाचं संबोधन. तसंच ‘भवतः नाम किम्?’ यातलं भवतः म्हणजे ‘आपलं’, षष्ठीचं रूप. वाक्यात दोघांचा कर्ता सापडत नसेल, तर ते क्रियापदाचं द्विवचन नाही. याच्याच जवळची एक गोष्ट: ‘भवान्’ म्हणजे आपण, तरी त्याच्याबरोबर प्रथमपुरुषाचं रूप येतं. भवान् गच्छति, ‘भवान् गच्छसि’ नव्हे.

आता हीच रीत दुसऱ्या धातूवर चालवून बघा. नी म्हणजे नेणे. ई चा गुण ए, ने + अ = नय. मग नयति, नयतः, नयन्ति, आणि शेवटच्या ओळीत नयामि, नयावः, नयामः. स्मृ मध्ये ऋ चा गुण अर्, म्हणून स्मर: स्मरति, स्मरामि. भू ला उपसर्ग लागला तरी मागचा भाग बदलत नाही: वयम् अनुभवामः, हिमालयात् गङ्गा प्रभवति.

गम् चं गच्छ, दृश् चं पश्य, स्था चं तिष्ठ हे मात्र या रीतीनं निघत नाहीत. ती अंगं लक्षात ठेवावी लागतात, पुढचे प्रत्यय तेच. आणि ‘असणे’ या अर्थाचा अस् धातू दुसऱ्या गणाचा आहे. त्याला मधला अ लागतच नाही, म्हणून अस् + ति = अस्ति. द्विवचनात आणि बहुवचनात तर त्याचा स्वतःचाच अ गळतो: स्तः, सन्ति. ‘असति’ असं रूप कुणी बनवलं, तर त्यानं अस् ला भू च्या गणात बसवलंय.