डॅशकॅमचे कार्ड भरले : क्लिप पुसाव्यात की कार्ड फॉरमॅट करावे?

लूप रेकॉर्डिंग चालू असताना डॅशकॅमच्या पडद्यावर `Card full` असा संदेश येणे ही मुळातच विसंगती आहे. लूपमध्ये कॅमेरा एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या क्लिप लिहीत जातो आणि जागा संपली की सर्वांत जुनी क्लिप पुसून तिच्या जागी नवी लिहितो. म्हणजे कार्ड कायम भरलेलेच असते आणि तरीही कॅमेरा अडत नाही. तो अडला, तर त्याला पुसता न येणारे काहीतरी कार्डावर साठले आहे, हे समजावे. "थोड्या जुन्या क्लिप पुसून टाका" हा सल्ला जो तो देतो. तो मानून मी एक अख्खा ऊस हंगाम दर रविवारी क्लिप पुसत बसलो, आणि नेमक्या नको त्या क्लिप पुसत होतो.

कामानिमित्त मी आठवड्यातून चार दिवस कोल्हापूरहून गगनबावड्याला जातो. डॅशकॅममधील धक्का ओळखणाऱ्या यंत्रणेला जी-सेन्सर म्हणतात. गाडीला जोराचा धक्का बसला की ही यंत्रणा चालू क्लिपला कुलूप लावते, म्हणजे लूप ती क्लिप पुसत नाही. कल्पना चांगलीच आहे. पण माझ्या कॅमेऱ्यात या सेन्सरची संवेदनशीलता `High` वर होती आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला व खड्ड्याला कॅमेरा अपघात समजत होता.

याचा हिशेब मी पुढे कागदावर मांडला. माझी तीन मिनिटांची एक क्लिप साधारण ३४० एमबीची होते. ३२ जीबीच्या कार्डावर अशा सुमारे ९४ क्लिप मावतात, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास चित्रीकरण. त्यांतल्या ८० क्लिपना कुलूप लागले, तर लूपला फिरायला उरतात १४ क्लिप, म्हणजे जेमतेम ४२ मिनिटे. या टप्प्यावर कॅमेरा काहीही तक्रार करत नाही, लाल दिवा नेहमीप्रमाणे लुकलुकत राहतो, आणि धोका नेमका इथेच आहे. त्या हंगामात गगनबावड्याहून निघाल्यावर माझ्यासमोर एका उसाच्या ट्रॉलीने मोटारसायकलस्वाराला घासून रस्त्याबाहेर घातले. माझ्या गाडीला धक्का बसलाच नव्हता, त्यामुळे त्या क्लिपला कुलूप लागले नाही. दीड तासाने घरी येऊन कार्ड पाहिले तेव्हा ती क्लिप लूपने केव्हाच गिळली होती. गतिरोधकांच्या ८० क्लिप मात्र सुखरूप होत्या.

म्हणून कार्ड भरल्याचा संदेश आला, किंवा लूप आखूड झाल्याचा संशय आला, तर पहिल्यांदा कॅमेरा बंद करून कार्ड संगणकाला जोडावे आणि कुलूपबंद क्लिपचे फोल्डर उघडावे. कॅमेऱ्यानुसार त्याचे नाव `EVENT`, `RO` किंवा असेच काही असते. ते फोल्डर फुगलेले असेल, तर कारण सापडले. त्यातल्या हव्या त्या क्लिप संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि उतरलेली प्रत प्रत्यक्ष चालवून पाहून मगच कार्ड फॉरमॅट करावे. काही कॅमेरे कुलूपबंद क्लिपसाठी ठरावीकच जागा राखतात आणि ती भरली की त्यांतलीही सर्वांत जुनी क्लिप पुसतात. असा कॅमेरा कधी अडत नाही, पण कुलूप लावलेली क्लिप कायम राहील या भरवशावरही तिथे राहू नये.

फोल्डर फुगलेले नसेल, तर दुसरी तपासणी करावी. लपलेल्या फायली दिसतील अशी सोय चालू करून कार्डावरील सर्व फायली एकदम निवडाव्यात, त्यांचा एकूण आकार पाहावा आणि कार्डाची वापरलेली जागा किती दाखवली जाते, त्याच्याशी ताडून पाहावा. फायली १८ जीबीच्या आणि वापरलेली जागा २४ जीबी असा फरक दिसला, तर मधले ६ जीबी कोणत्याही फाइलच्या नावावर नाहीत. लिहिणे चालू असताना वीज तुटली, म्हणजे कोणी चालू कॅमेऱ्याची वायर उपटली, की क्लिप अर्धवट राहते आणि कार्डाच्या नोंदवहीत तिची जागा अडकून पडते. जी फाइल दिसतच नाही ती पुसणार कशी? अशा वेळी फॉरमॅट हाच सोपा उपाय. मॅक संगणकावर पुसलेली क्लिप कार्डावरच्याच लपलेल्या कचरापेटीत जाते आणि ती पेटी रिकामी करेपर्यंत जागा मोकळी होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

क्लिप पुसण्याला माझा आक्षेप आणखी एका कारणासाठी आहे. पुसल्याने केवळ नोंद जाते. कार्डाची स्मृती आतून मोठमोठ्या ठोकळ्यांनीच कोरी होते. इथली एक क्लिप, तिथली दोन, अशी निवडून पुसली की मोकळी जागा तुकड्यांत विखुरते, आणि सलग लिहू पाहणाऱ्या कॅमेऱ्याला त्या फटींत कोंबून लिहावे लागते. अशाने कार्डाचा वेग पडतो, क्लिपमध्ये काही सेकंदांचे खंड पडतात किंवा कार्ड मंद असल्याचा इशारा येतो. फॉरमॅट केल्याने नोंदवही नव्याने आखली जाते आणि जागा पुन्हा सलग होते. दोन-तीन नको असलेल्या क्लिप काढायच्या आहेत आणि बाकी सर्व ठेवायचे आहे, एवढ्यापुरतेच पुसणे योग्य, आणि तेही कॅमेऱ्याच्या मेनूतून.

फॉरमॅटही कॅमेऱ्यातच करावे. ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड संगणक सहसा exFAT पद्धतीने आखतो आणि काही कॅमेऱ्यांना फक्त FAT32 कळते. शिवाय कॅमेरा स्वतःला हवी तशी फोल्डरची मांडणी करून घेतो. मेनूत `Format` निवडून होकार दिला की काम काही सेकंदांत होते.

एका प्रसंगी मात्र फॉरमॅटला हातही लावू नये, तो म्हणजे खराखुरा अपघात. तेव्हा कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवावे आणि गाडीत दुसरे घालावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यामुळे मूळ कार्ड जपलेले बरे.

फॉरमॅटनंतर जी-सेन्सर `Low` वर आणावा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच होईल. समोर काही घडले आणि आपल्या गाडीला धक्का बसला नाही, तर कुलपाचे बटण हाताने दाबायची सवय लावावी. आमच्याकडे दर अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात. मी त्याच दिवशी हव्या त्या क्लिप उतरवून कार्ड फॉरमॅट करतो, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

शेवटची खूण दुर्लक्षित करू नये. फॉरमॅट झाल्यावर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करावा आणि यादी पाहावी. पुसलेल्या जुन्या क्लिप जशाच्या तशा परत दिसल्या, तर कार्डाने लिहिणे थांबवले आहे. ते आता फक्त वाचता येते. झिजलेली कार्डे बहुधा अशीच जातात. फॉरमॅट पुन्हापुन्हा करून उपयोग नाही. जुन्या क्लिप उतरवून घ्याव्यात, कार्ड टाकून द्यावे आणि सतत लिहिण्यासाठी बनवलेले, वेष्टनावर `High Endurance` लिहिलेले कार्ड आणावे. मोबाइलमधून उरलेले साधे कार्ड डॅशकॅमला लावण्याची काटकसर मी दोनदा केली आणि दोन्ही कार्डे टेबलाच्या खणात पडून आहेत.