क्रोशाची रिब उठत नाही, वेणी आवळते? या चुका टाळा

तान्ह्या बाळाची टोपी घ्या: खाली ताणली जाणारी रिबची पट्टी, वर उठावदार वेण्या. फ्रंट पोस्ट आणि बॅक पोस्ट हे दोन टाके आले की एवढं काम होतं, आणि जे काही बिघडतं ते याच दोन टाक्यांत. साधा खांब आपण मागच्या ओळीच्या टाक्याच्या डोक्यात घालतो. पोस्टचा खांब त्याच्या अंगाभोवती घालायचा असतो. सुई पुढून आत जाऊन खांबामागून फिरली आणि पुन्हा पुढे आली की फ्रंट पोस्ट. मागून पुढे येऊन परत मागे गेली की बॅक पोस्ट. अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला सुईवर एक वेढा घेऊन घातलेला खांब. ब्रिटिश पुस्तकात त्यालाच ट्रेबल म्हणतात, तेव्हा नमुना कुठला आहे ते आधी पाहा.

रिबची सगळ्यात मोठी चूक सरळ पट्टी विणताना होते. पहिल्या ओळीत एक फ्रंट, एक बॅक घातले, काम उलटवलं आणि लक्षात ठेवल्याप्रमाणे फ्रंटवर पुन्हा फ्रंट घातला. मग उभ्या पन्हळींऐवजी टोपलीच्या विणीसारखं काहीतरी दिसू लागतं. आमच्या दापोलीच्या क्रोशे वर्गात एका मुलीच्या पट्टीचं असंच झालं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अगो, काम उलटलंस म्हणजे टाकापण उलटला ना! बघून घाल." पुढून उठलेला टाका मागून पाहिला तर आत गेलेला दिसतो. म्हणून सरळ ओळींत कागदाकडे न पाहता टाक्याकडे पाहायचं: जो तुमच्याकडे उठून आलाय त्याला फ्रंट, जो मागे सरलाय त्याला बॅक. टोपी गोल विणताना काम उलटवत नाही, तिथे फ्रंटवर फ्रंटच येतो. गोलात टाके सम संख्येत हवेत, नाहीतर जोडापाशी दोन सारखे शेजारी येतात.

दुसरी चूक हळूच शिरते. पोस्टचा टाका घातला की मागच्या ओळीतल्या त्या खांबाचं डोकं रिकामंच राहतं आणि कामाच्या मागे आडवं दिसतं. पुढचा टाका साधा खांब असेल तर सुई सहज त्या रिकाम्या डोक्यात जाते. एक टाका वाढला! वेणीच्या टोपीत हे प्रत्येक वेणीनंतर होऊ शकतं, आणि टोपी घंटेसारखी पसरते. काम उलटं करून पाहा. ज्या खांबाच्या अंगाभोवती पोस्ट आहे, त्याच्याच डोक्यातून आणखी एक खांब निघाला असेल तर तो उसवा.

आता आकडे घेऊन बघू. मध्यम जाडीची लोकर आणि दहा सेंटीमीटरमध्ये साधारण 16 खांब असा हात असेल, तर 56 टाक्यांची टोपी सुमारे 35 सेंटीमीटर घेराची होते. रिब 3.5 मिमी सुईने, वरचा भाग 4 मिमीने. 56 मध्ये आठ-आठ टाक्यांचे सात भाग बसतात: प्रत्येक भागात चार टाके वेणीचे, चार साधे. वेणी ओलांडताना पहिले दोन टाके सोडा, तिसऱ्या-चौथ्याभोवती फ्रंट पोस्ट घाला, मग त्यांच्या पुढून सुई नेऊन सोडलेल्या दोघांभोवती घाला. हे चारही टाके सुईवर दोन वेढे घेऊन करायचे. तिरकं अंतर साध्या खांबाला पुरत नाही, त्यात वेणी ओढली जाते आणि शेजारी खड्डे पडतात. सुटलेली जोडी पुढून घेतली की वेणी एका बाजूला झुकते, मागून घेतली की दुसऱ्या. एकदा ठरवलं की सातही वेण्यांत तेच.

ओलांडल्यानंतरची फेरी फसवी असते. मागच्या बाजूला गेलेली जोडी पुढच्या जोडीआड लपते आणि तिची सुई चुकते. त्या फेरीत वर डोकी मोजा, एकेका डोक्यावरून खाली त्याचं अंग शोधा आणि तिथेच सुई फिरवा. ओलांडणी दर तिसऱ्या फेरीत केली तर हाताला पुरेशी मोकळीक मिळते. प्रत्येक फेरीत केलीत तर टोपी लाकडासारखी ताठ होईल.

राहिली रिबची लवचीकता. पन्हळी ताणल्या जातात त्या टाक्यांच्या घडीमुळे, पण परत आखडण्याचं काम धाग्यालाच करावं लागतं. सुती धागा एकदा पसरला की पसरतो, म्हणून सुती पट्टीला डोक्याच्या मापापेक्षा कमी टाके आणि आणखी बारीक सुई लागते. आणि पावसात इथे काही वाळत नाही म्हणून दमट ॲक्रिलिक टोपीवर गरम इस्त्री फिरवू नका. ॲक्रिलिक उष्णतेने ढिलं पडतं आणि मग परत आखडत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली सपाट पसरा.